परत पाठवलेल्या कथेच्या बाजूने

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने एक कथास्पर्धा घेतली. परीक्षक आम्ही तिघे होतो: शाळेतून निवृत्त झालेले एक मराठीचे गुरुजी, वाचनाची मनापासून आवड असलेल्या एक भगिनी आणि प्रस्तुत लेखक. एकूण सतरा कथा आल्या. त्यांपैकी सोळा कथांबद्दल आमचे एकमत सहज झाले. सतराव्या कथेवरून मात्र दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी दोन विरुद्ध एक मताने ती परत पाठवण्यात आली, आणि तो एक मी होतो. हरलेल्या माणसाने गप्प बसावे हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तरीही लिहितो आहे, कारण ज्या कारणांसाठी ती कथा नाकारली गेली ती कारणेच मला चुकीची वाटतात. शिवाय ती केवळ आमच्या दोन परीक्षकांची नाहीत, आपल्यापैकी बहुतेक वडीलधाऱ्यांची आहेत.

कथा लिहिणारी मुलगी अकरावीत शिकते. तिच्या परवानगीने कथेचा सारांश देतो.

ग्लेन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा आहे. गावातली बावखले हा त्याचा छंद. वाडीच्या कडेला खोदलेली गोड्या पाण्याची ही तळी, त्यांच्यावरचे मोडके रहाट, काठावरचे खंड्या आणि पाणकोंबड्या, असे सारे तो मोबाइलवर चित्रित करतो आणि यूट्यूबवरील आपल्या चॅनेलवर टाकतो. आजवर त्याने शेहेचाळीस चित्रफिती टाकल्या आहेत. प्रत्येक साधारण सहा मिनिटांची. त्यांना फारसे कोणी विचारत नव्हते. एके दिवशी त्याचा मावसभाऊ बावखलाच्या काठावरून घसरून कमरेपर्यंत चिखलात गेला. ग्लेनने तो चाळीस सेकंदांचा तुकडा गंमत म्हणून टाकला आणि तो हजारो लोकांनी पाहिला. त्या एका तुकड्याने चॅनेलचे सबस्क्रायबर साडेतीनशेवरून साडेनऊशेपर्यंत चढले.

कथा सुरू होते ती आजीच्या पंच्याहत्तरीच्या रात्री. टेबलाभोवती अकरा माणसे बसली आहेत. तांदळाच्या भाकरी, मटण, बोंबलाचे कालवण असा बेत आहे. ग्लेनचा मोबाइल मांडीवर आहे आणि त्यावर आकडा आहे ९८७. तो घास घेतो, बोटाने पडदा खाली ओढतो, आकडा पाहतो. भाकरी वाढेपर्यंत ९९१ होतात. मामाच्या हे लक्षात येते. मामा दिलदार गडी. तो सर्वांना मोबाइल बाहेर काढायला लावतो. आईवडील आणि बहीण आधीच सबस्क्रायबर आहेत, उरलेले सहा जण जेवता जेवता बटण दाबतात आणि ९९७ होतात. मग जगातून कुठून तरी एक येतो, आणखी एक येतो. ९९९. आता जेवण थांबले आहे. नऊ माणसे नऊ मोबाइलांत तोच एक आकडा पाहत आहेत. ज्यांच्या हाती मोबाइल नाही अशी एकच व्यक्ती टेबलाशी आहे, ती म्हणजे आजी. ती ग्लेनला विचारते, "बाळा, मधल्या वाडीतलं बावखल बुजवायला काढलंय म्हणतात. ते घेतलंस का रे तुझ्यात?" ग्लेनला ऐकू जात नाही. बाबा म्हणतात, हजार होऊ देत, मग केक कापू. वाट पाहून शेवटी जेवणानंतरची प्रार्थना सुरू होते. सारे डोळे मिटतात. आमेन म्हणून ग्लेन डोळे उघडतो तेव्हा आकडा ९९८ झालेला असतो. तो टेबलाभोवतीच्या प्रत्येक चेहऱ्याकडे पाळीपाळीने पाहतो. येथे कथा संपते.

गुरुजींचा पहिला आक्षेप असा की, या कथेत काही घडतच नाही. एक आकडा वर जातो, एवढेच. आणि शेवटी तो खाली येतो, हे तर त्यांच्या मते अशक्य, केवळ ओढूनताणून आणलेली कलाटणी. "एकदा झालेला वर्गणीदार कमी कसा होईल, फादर? वर्ष संपेपर्यंत तरी तो राहतोच ना?" असे त्यांनी मला विचारले.

गुरुजींनी सबस्क्रायबर या शब्दाचे मराठी केले ते अगदी बरोबर केले, आणि त्या बरोबर भाषांतरातच सारा घोटाळा आहे. आपण या त्रैमासिकाचे वर्गणीदार आहात. आपण पैसे भरले आहेत. आपले नाव आणि पत्ता व्यवस्थापकांच्या वहीत आहे. अंक मिळाला नाही तर आपण फोन करता, आणि न आवडलेल्या लेखाबद्दल मला रविवारच्या मिस्सानंतर अडवता. एखाद्याने वर्गणी बंद केली तर ती कोणी बंद केली हे वहीत दिसते, आणि व्यवस्थापक घरी जाऊन कारणही विचारतात. यूट्यूबवरचा वर्गणीदार एक पैसाही भरत नाही. तो एक बटण दाबतो. तेच बटण पुन्हा दाबून, कोणाला काही न सांगता, पुढच्याच क्षणी तो निघून जाऊ शकतो. ज्याचा चॅनेल आहे त्याला, अमुक माणूस गेला, अशी सूचना येत नाही. आलेल्यांचीदेखील पूर्ण यादी त्याला मिळत नाही. ज्यांनी आपण कोणाचे सबस्क्रायबर आहोत हे जगाला दिसू दिले आहे तेवढ्यांचीच नावे तो पाहू शकतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत ही माहिती झाकलेली असते. शिवाय बंद झालेली खाती आणि खोटी वाटणारी खाती कंपनी वेळोवेळी गाळत असते, तेव्हाही आकडा खाली येतो. म्हणजे ज्याला गुरुजी अशक्य म्हणतात ते त्या जगात रोज घडते. लहान चॅनेलचा मालक दोन वर आणि एक खाली अशीच वाटचाल करीत असतो.

आता शेवट पुन्हा वाचा. एक कमी झाला. तो टेबलाशी बसलेल्या नऊ जणांपैकी असेल. कदाचित चिखलात पडलेला मावसभाऊ असेल, ज्याच्या फजितीवर हा सारा डोलारा उभा आहे आणि ज्याला कोणी विचारले नाही की बाबा, तुला चालेल का. (तो टेबलाशी आहे, हे लेखिकेने एकाच वाक्यात, मिठाची वाटी पुढे सरकवण्याच्या निमित्ताने सांगून टाकले आहे. माझ्या सहपरीक्षकांच्या नजरेतून ते वाक्य सुटले.) किंवा एखाद्या मावशीचे बोट चुकून दोनदा पडले असेल. किंवा टेबलाशी बसलेल्या कोणाचाच काही संबंध नसेल, हजार मैलांवर कोणा अनोळखी मुलाने कंटाळून बटण दाबले असेल. ग्लेनला हे कधीच कळणार नाही. ज्या यंत्राने त्याला इतक्या तत्परतेने आकडा दिला ते यंत्र त्याला नाव देत नाही. म्हणून तो रात्रभर न पाहिलेल्या चेहऱ्यांकडे आता पाहतो, आणि पाहतो तेही संशयाने. गुरुजी, आपण म्हणता काही घडत नाही. एका मुलाच्या मनात त्याच्या घरच्या माणसांविषयी पहिल्यांदा संशय शिरतो, तोही आजीच्या पंच्याहत्तरीला, प्रार्थनेच्या आमेनपाठोपाठ. याहून अधिक काय घडायला हवे होते?

भगिनींचा आक्षेप निराळा होता. त्या म्हणाल्या, एवढे हजाराचे कौतुक कशाला? मुलगा पैशांच्या मागे लागला आहे, आणि हे कथेत स्पष्ट म्हटलेले नाही. या आक्षेपाकडे मी आदराने पाहतो, कारण बाबांचे केक कापण्याचे बोलणे त्याच समजुतीतून आलेले आहे. हजार झाले की पैसे सुरू होतात, ही समजूत आपल्या गावात घरोघर आहे. ती अर्धीच खरी आहे, आणि मुलांची सर्वाधिक निराशा या अर्धवट समजुतीतूनच होते.

हजार हा आकडा आकाशातून पडलेला नाही. २०१७ मध्ये मोठ्या जाहिरातदारांनी तक्रार केली की आमच्या जाहिराती भलत्यासलत्या, द्वेष पसरवणाऱ्या चित्रफितींवर दिसत आहेत, आणि काहींनी जाहिराती काढूनही घेतल्या. त्यानंतर कंपनीने अटी कडक करीत नेल्या. प्रथम एप्रिल २०१७ मध्ये, चॅनेलवरील चित्रफिती एकूण दहा हजार वेळा पाहिल्या गेल्या पाहिजेत, अशी अट आली. मग जानेवारी २०१८ मध्ये आज चालू असलेली अट जाहीर झाली: एक हजार सबस्क्रायबर, आणि त्याबरोबर मागच्या बारा महिन्यांत लोकांनी चॅनेल एकूण चार हजार तास पाहिलेला असला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. २०२३ पासून पाचशे सबस्क्रायबर आणि तीन हजार तासांवर एक धाकटा दरवाजा उघडला आहे. त्यातून चाहत्यांना हवे तर ते पैसे देऊ शकतात. परंतु जाहिरातींतला वाटा त्यातून मिळत नाही. तासांऐवजी छोट्या, उभ्या तुकड्यांवर जायचे तर नव्वद दिवसांत ते एक कोटी वेळा पाहिले जावे लागतात. छोट्या तुकड्यांच्या रांगेत लोक जे पाहतात ते चार हजार तासांत धरले जात नाही.

आता कथेतले एक वाक्य सांगतो, ज्याच्यावरून आमच्या बैठकीत कोणी बोट फिरवले नाही. मामा सर्वांचे मोबाइल काढायला लावतो तेव्हा ग्लेनच्या मनात येते, "तास दोनशे बारा, पण ते मामाला सांगायची ही वेळ नव्हे." एवढेच.

त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहू. चार हजार तास म्हणजे दोन लक्ष चाळीस हजार मिनिटे. ग्लेनची चित्रफीत सहा मिनिटांची आहे, आणि पाहणारा निम्मी पाहून निघून जातो असे धरू. अनोळखी लोकांच्या बाबतीत निम्मी म्हणजे वाईट नव्हे. तर त्याला वर्षात ऐंशी हजार वेळा पाहिले जावे लागेल, दिवसाला सुमारे दोनशे एकोणीस वेळा. आज दोनशे बारा तासांवर त्याला दिवसाला अकरा-बारा वेळा पाहिले जाते. याच वेगाने गेला तर चार हजार तास भरायला एकोणीस वर्षे लागतील. पण एकोणीस वर्षे त्याला मिळणारच नाहीत, कारण गणती मागच्या बारा महिन्यांचीच होते. पुढून जेवढे तास भरतील तेवढेच मागून गळतील. घागरीला तळाशी भोक असावे तसे ते आहे. ज्या तुकड्याने त्याला सहाशे माणसे आणून दिली त्या तुकड्याचा या घागरीत थेंबही पडत नाही, आणि ती सहाशे माणसे चिखलात पडणारा मुलगा पाहायला आली होती, बावखल पाहायला नव्हे. सहा मिनिटे पाणकोंबडी पाहायला ती परत येत नाहीत. मामाने मिळवून दिलेल्या सहांपैकीही कोणी त्या रात्री एक चित्रफीत उघडली नाही. त्यांनी बटण दाबले आणि आकडा पाहिला.

शिवाय तो पंधरा वर्षांचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला या पैशांसाठी स्वतःच्या नावाचे खाते चालत नाही, पालकांचे जोडावे लागते. तेव्हा भगिनींना माझे नम्र उत्तर असे की, मुलगा पैशांच्या मागे नाही. दोनशे बारा हा आकडा त्याला पाठ आहे. हजाराने काही मिळणार नाही हे टेबलाशी बसलेल्या अकरा माणसांत फक्त त्यालाच ठाऊक आहे, आणि तरीही तो बोटाने पडदा खाली ओढतच राहतो. कथेची कळ येथे आहे.

तो असे का करतो? याचे उत्तर मला पुस्तकात सापडलेले नाही. ते मी स्वतःच्या अनुभवातून देतो, आणि ते देताना मला संकोच वाटतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मंदिरांचे दरवाजे बंद झाले. महाराष्ट्रात ते उघडले नोव्हेंबरच्या सोळा तारखेला. दरम्यानच्या काळात मिस्सा घरोघर पोहोचवायची म्हणून आम्ही धर्मग्रामाचे चॅनेल काढले. आमच्यापाशी होता एक मोबाइल आणि एक तिपाई. तेव्हा कळले की मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करायचे तर चॅनेलला हजार सबस्क्रायबर हवेत. (संगणकावरून चालत असे, पण तेवढी जुळवाजुळव आमच्याकडे नव्हती. पुढे ही अट पन्नासावर आली.) झाले, मी कामाला लागलो. व्हॉट्सॲपवर सर्व विभागांच्या गटांत विनंती पाठवली, कोकण्यांच्या गटांत पाठवली, आखातातल्या आणि कॅनडातल्या आपल्या मुलांना पाठवली. ज्यांनी कधी पॅरिश कौन्सिलच्या पत्राला उत्तर दिले नाही त्यांना मी वैयक्तिक संदेश धाडले. आठवडाभर मी रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठल्यावर तो आकडा पाहत होतो. ब्रेविअरी उशाशी असे आणि मोबाइल हातात. हजार झाले त्या दुपारी मी भाताच्या पानावरून उठून सॅक्रिस्टनला हाक मारली. ग्लेनला केक मिळाला नाही. मी मात्र त्या दिवशी चहाबरोबर नानकटाई वाटली.

पुढची गोष्ट अधिक अवघड आहे. प्रक्षेपण चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, त्या क्षणी किती ठिकाणी ते पाहिले जात आहे याचा. मोबाइल तिपाईवर माझ्याकडे तोंड करून नव्हता, म्हणून वेदीवरून मला तो दिसत नसे. पण मिस्सा संपल्यावर त्याचा आलेख पाहता येई. पहिल्या रविवारी तो पाहिला. शुभवर्तमानाच्या वेळी रेघ सर्वांत उंच होती, आणि माझे प्रवचन सुरू झाले तशी ती उतरत गेली. पुढच्या रविवारी मी प्रवचन चार मिनिटांनी कमी केले. लोकांसाठी केले असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे रेघेसाठी केले होते.

तो आकडाही काय मोजत होता? एका घरात आजीपासून नातवापर्यंत सात जण गुडघे टेकून एका मोबाइलसमोर बसले, तर त्याच्या लेखी ते एक. शेजारच्या घरात टीव्हीवर मिस्सा लावून सारे जण स्वयंपाकघरात गेले, तर तेही एक. पहिल्या घरातली म्हातारी मला पुढे दफनभूमीच्या फाटकाशी भेटली आणि म्हणाली, "फादर, त्या सगळ्या महिन्यांत तुम्ही एकदासुद्धा आमच्याकडं बघितलं नाहीत, खाली बघून बोलत होता." ती म्हणाली ते बरोबर होते. मी कागदाकडे पाहत होतो आणि मनात त्या रेघेकडे.

म्हणून जेव्हा गुरुजी म्हणाले की अशी कथा छापणे म्हणजे एका नव्या पिढीच्या विकृतीला साहित्यात पाट मांडणे, तेव्हा मला राग आला. ती विकृती असेल तर तिचे वय पंधरा नाही, निदान त्रेपन्न तरी आहे. त्या टेबलाशी ग्लेन एकटा आकडा पाहत नव्हता, हे कथेत लिहिले आहे. नऊ मोबाइल नऊ वडीलधाऱ्यांच्या आणि भावंडांच्या हातांत होते. जेवणाच्या पानावरून मोबाइल बाहेर काढायला लावले ते मामाने. केकची अट घातली ती बाबांनी. आपल्या घरांत मुलांना याबद्दल बोलणी बसतात, परंतु आकडा शुभ असला की आपणच त्यांच्या खांद्यावरून डोकावतो. दहावीच्या टक्केवारीत हे होते, लग्नाच्या पंगतीतल्या पानांच्या गणतीत होते, आणि सणाच्या दिवशी किती आले हे मला विचारताना होते. मुलाने हे कोठून उचलले हे विचारायला फार लांब जायला नको.

दोन्ही परीक्षकांनी सुचवलेला शेवट असा होता: आई मोबाइल हिसकावून घेते, ग्लेनच्या डोळ्यांत पाणी येते, तो आजीच्या पाया पडतो. मी त्यांना विचारले, मोबाइल कपाटात ठेवल्यावर त्याच्या डोक्यातला आकडा थांबेल का? उलट, दिसत नाही म्हणून तो अधिक जोराने फिरेल. मी स्वतः एका चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चॅनेल न पाहण्याचा निश्चय केला होता. मला सांगायला लाज वाटते की इस्टरच्या सकाळी पहिल्यांदा मी काय उघडले. हिसकावून घेणे सोपे आहे आणि छापायलाही बरे दिसते. पण ते खोटे आहे, आणि मुलांना ते खोटे आहे हे ताबडतोब कळते. अकरावीतल्या मुलीला ते कळले होते, म्हणून तिने तसे लिहिले नाही.

तिने लिहिले ते आजीबद्दल. कथेच्या सुरुवातीला, पाहुणे येण्यापूर्वी, आजी ओसरीवर जपमाळ करीत बसलेली असते, आणि ग्लेन तिच्या शेजारी आकडा पाहत असतो. दोघांची बोटे चालत आहेत, एवढेच लेखिका म्हणते आणि पुढे जाते. गुरुजींना त्यात जपमाळेचा अवमान दिसला. मला तसे वाटले नाही. जपमाळेचे मणी मोजण्यासाठीच आहेत, हे खरे. पण ते अशासाठी आहेत की मोजण्याचे काम बोटांनी करावे आणि मन मोकळे राहावे. नमो मरिया कितवी चालली आहे हे आजीला ठाऊक नसते, तिच्या बोटाला ठाऊक असते. मनाने ती त्या वेळी दहा घरे फिरून येते, कोणाच्या आजाऱ्यासाठी, कोणाच्या अडलेल्या लग्नासाठी. ग्लेनच्या हातातला आकडा याच्या अगदी उलट चालतो. तो बोटाला एकच काम देतो, ओढण्याचे, आणि सारे मन स्वतःकडे ठेवून घेतो. म्हणूनच बावखलाची बातमी आजीला असते आणि बावखलांचा चॅनेल चालवणाऱ्या नातवाला नसते.

कथेत दोष नाही असे मी म्हणत नाही. एक दोष मी लेखिकेला भेटून सांगितला, कारण तो माहितीचा आहे आणि दुरुस्त केला तर कथा आणखी धारदार होईल. एका परिच्छेदात ग्लेन मनाशी म्हणतो की हजारानंतर एक हजार एक, एक हजार दोन असे सुरू राहील. तसे होत नाही. २०१८ च्या अखेरीपासून स्वीडनच्या प्यूडीपाय या तरुणाचा चॅनेल आणि आपल्याकडची टी-सीरिज कंपनी यांच्यात सबस्क्रायबरांची शर्यत लागली होती. दोघांचे आकडे शेजारी शेजारी फिरताना पाहण्यासाठी लोक तासन् तास बसत. त्या शर्यतीत २०१९ मध्ये टी-सीरिज पुढे गेली आणि मे महिन्यात तिने दहा कोटींचा टप्पा सर्वांआधी गाठला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने सर्वांना दिसणारे आकडे आखूड केले. हजाराच्या आत असेपर्यंत अचूक आकडा दिसतो. हजार झाले की चॅनेलच्या पानावर नुसते 1K उमटते. मग एक हजार एक झाले तरी 1K, एक हजार नऊ झाले तरी 1K. एक हजार दहा झाल्यावर ते 1.01K होते. अचूक आकडा फक्त मालकाला, त्याच्या आतल्या खोलीत, पाहता येतो.

हे मी तिला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे फादर, ज्याच्यासाठी एवढी वाट पाहायची, ते झालं की बाकीच्यांना काही हलताना दिसणारच नाही?" मी म्हटले, नाही दिसणार. तो परिच्छेद ती पुन्हा लिहिते आहे. पुन्हा लिहून झाल्यावर कथा या त्रैमासिकाकडे पाठव असे मी तिला सुचवले आहे, आणि संपादकांनी ती माझ्या शिफारशीमुळे नव्हे तर वाचून ठरवून छापावी अशी त्यांना विनंती करतो.

निकाल लागल्यानंतर आठवड्याने गुरुजी पॅरिश कार्यालयात आले. दाखल्याचे काम होते. ते आटोपल्यावर दाराशी थांबून त्यांनी विचारले, "ते असो. पण फादर, बटण कोणी दाबलं होतं? मावसभावानंच ना?" मी म्हटले, मलाही तसेच वाटते, पण लेखिकेलाच विचारू. रविवारी मिस्सानंतर आम्ही दोघांनी तिला गाठले. तिने एकदा गुरुजींकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "मला नाही ठाऊक, सर. मी बघतच होते, पण माझेही डोळे मिटलेले होते."